जेवायला पाऊण वाजता, चालायला सव्वा वाजता

रजेचा अर्ज कसा लिहायचा हे नोकरदार माणसाला शिकवावं लागत नाही. पण ‘मला रोज दुपारी पाऊण वाजता जेवायला सोडा आणि जेवल्यावर बारा मिनिटं चालू द्या’ असा अर्ज करायची वेळ आली की भलेभले अडखळतात. मागणी एवढीशी, ती लेखी कशी करायची? आणि केलीच, तर आपल्याकडे आजारी माणूस म्हणून बघायला लागतील, ही भीती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लाखो नोकरदारांचं दुपारचं जेवण या संकोचापायी तीन वाजेपर्यंत लांबतं.

माझे एक स्नेही चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात सुपरवायझर आहेत. वय 43. गेल्या वार्षिक तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर 112 आली आणि एचबीएवनसी 6.1. सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार उपाशीपोटीची साखर 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 असेल, तर ती प्रीडायबेटिसची अवस्था. आपल्याकडे सरळ ‘बॉर्डरला आहे’ म्हणतात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन पाच-सहा किलो उतरवा, भात कमी करा, दुपारचं जेवण वेळेवर घ्या आणि जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, एवढंच सांगितलं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी घरी जमण्यासारख्या होत्या. उरलेल्या दोन कंपनीच्या हातात होत्या. त्यांची जनरल शिफ्ट साडेआठची. आठ वाजता कँटीनला नाश्ता. मालाच्या गाड्या साडेबारानंतर डॉकला लागायच्या आणि शेवटची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत अडीच-पावणेतीन व्हायचे. तोवर पोटात दोन गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा. तीनला कँटीनमध्ये जावं तर चपात्या संपत आलेल्या, भात भरपूर. भुकेल्या पोटी ताट दहा मिनिटांत संपायचं, आणि तिथून थेट कॉम्प्युटरसमोर, इनव्हॉइस आणि ई-वे बिलांची राहिलेली एंट्री करायला. साडेपाचला बसमध्ये बसले की डोळा लागायचा.

आता शरीरात काय चालतं ते पाहू, कारण अर्जात नेमकं काय मागायचं हे त्यावरूनच ठरतं. आपण जेवायला सुरुवात केल्यापासून साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते आणि मग उतरू लागते. निरोगी माणसात ती लवकर उतरते. प्रीडायबेटिसमध्ये इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला असतो, त्यामुळे ती जास्त वर जाते आणि रेंगाळते. पण स्नायूंना साखर आत घ्यायची आणखी एक सोय आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात आणि त्या आकुंचनानेच त्यांच्या पेशींची दारं साखरेसाठी उघडतात. त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून साखर शिखराकडे चढत असतानाच पाय हलले तर ते शिखर बुटकं राहतं. संध्याकाळी घरी गेल्यावर अर्धा तास चाललं तर त्याचा फायदा निराळा आहे आणि तोही हवाच. पण तोवर दुपारचं शिखर येऊन गेलेलं असतं.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये याची तुलना केली. मधुमेह असलेल्या 41 जणांना काही दिवस ‘दिवसातून केव्हाही अर्धा तास चाला’ असं सांगितलं आणि काही दिवस ‘प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चाला’ असं. चालणं दोन्हीकडे तेवढंच. पण जेवणानंतरच्या दहा-दहा मिनिटांनी जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली. हे मधुमेही लोक होते, प्रीडायबेटिसवाले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी स्नायूंचं काम दोघांतही एकाच तऱ्हेने चालतं.

जेवणाच्या वेळेचंही तसंच. शरीराची इन्सुलिनला साथ देण्याची क्षमता सकाळी चांगली असते आणि दिवस कलेल तशी कमी होत जाते. त्यामुळे तेच ताट एक वाजता आणि चार वाजता सारखं पचेल असं नाही. शिवाय नाश्त्यानंतर सात तासांनी जेवायला बसलेला माणूस भराभर आणि जास्त खातो. तीनच्या जेवणामुळे प्रीडायबेटिस होतो, असं कुणी म्हणणार नाही. वजन, आनुवंशिकता, झोप, पोटाचा घेर ही कारणं मोठी आहेत. पण आधीच चढण असलेल्या रस्त्यावर उशिराचं जेवण ही आणखी एक चढण ठरते, आणि ती काढून टाकता येण्यासारखी असते.

मला वाटतं, अर्जात नेमकं काय मागावं ते इथे ठरतं. ‘जेवणाच्या वेळेत सवलत मिळावी’ एवढं लिहून भागत नाही. जेवायला पाऊण वाजता बसायचं, सव्वाला उठायचं, आणि सव्वा ते एक सत्तावीस चालायचं. साखर चढत असतानाच हे चालणं व्हायला हवं, म्हणून वेळेला महत्त्व आहे. ती वेळ साहेबांसमोर घड्याळाच्या काट्यांतच मांडायला हवी.

स्नेह्यांनी पहिला मसुदा लिहिला तो अडीच पानांचा होता. त्यात तपासणीचे सगळे आकडे होते, वडिलांच्या मधुमेहाची आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची हकीकत होती, ‘वेळेवर न जेवल्यास मला चक्कर येऊन अपघात होऊ शकतो’ असं वाक्य होतं, आणि शेवटी ‘तरी योग्य ती सवलत देण्याची कृपा करावी’. मागणी काय आहे हे अडीच पानं वाचूनही कळत नव्हतं.

त्यातलं चक्कर येण्याचं वाक्य तर सरळ धोक्याचं होतं. प्रीडायबेटिस असलेल्या आणि कोणतंही औषध न घेणाऱ्या माणसाची साखर जेवण लांबलं म्हणून सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. तो त्रास मुख्यतः इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना होतो. म्हणजे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं. आणि समजा साहेबांनी ते खरं मानलं, तर? डॉकवर फोर्कलिफ्ट फिरतात, गाड्या मागे घेतल्या जातात. चक्कर येणाऱ्या माणसाला तिथे उभं करायला कोणताही सेफ्टी ऑफिसर तयार होणार नाही. मागितली होती जेवणाची वेळ आणि पदरात पडली असती दुसऱ्या विभागात बदली. मागणी वजनदार करण्यासाठी आजार फुगवून सांगण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

दुसरा मसुदा दोघांनी बसून केला. तो असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक, डिस्पॅच विभाग
प्रत: मनुष्यबळ विभाग

विषय: दुपारच्या जेवणाची निश्चित वेळ व जेवणानंतर 12 मिनिटे चालण्याची परवानगी, तीन महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर

महोदय,

वार्षिक वैद्यकीय तपासणीनंतर डॉक्टरांनी मला रक्तातील साखर वाढू नये म्हणून दुपारचे जेवण ठरावीक वेळी घेण्याचा व जेवणानंतर 10 ते 15 मिनिटे चालण्याचा सल्ला दिला आहे. मला मधुमेह झालेला नाही, औषध सुरू नाही आणि माझ्या नेहमीच्या कोणत्याही कामात अडचण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

माझी विनंती अशी:

जेवणाची वेळ दुपारी 12.45 ते 1.15 अशी असावी. सध्या गाड्यांच्या लोडिंगमुळे ती बहुतेक दिवशी 2.45 नंतर होते. त्यानंतर 1.15 ते 1.27 या वेळेत कँटीन ते मागील गेट या पादचारी मार्गावर चालण्याची परवानगी असावी. ही 12 मिनिटे मी दुपारी 3.45 च्या 15 मिनिटांच्या चहाच्या सुट्टीऐवजी घेईन. त्यामुळे कामाच्या एकूण वेळेत फरक पडणार नाही.

12.45 ते 1.27 या काळात डॉकवर माझ्या जागी आमचे सहकारी (नाव, टोकन क्रमांक) थांबतील. ते पहिल्या पाळीत 12.00 वाजता जेवतात. त्यांच्याशी बोलणे झाले असून ते तयार आहेत. या काळात लागणाऱ्या गाड्यांची कागदपत्रे मी 12.30 पर्यंत तयार करून त्यांच्याकडे देईन. फोन माझ्याजवळ असेल.

महिनाअखेरचे तीन दिवस व तातडीची गाडी असताना ही वेळ पाळणे शक्य नसल्यास मी कामाला प्राधान्य देईन. अशा दिवशी किमान 2.00 वाजेपर्यंत जेवायला जाता यावे, एवढी विनंती आहे.

तीन महिन्यांनंतर या व्यवस्थेचा डॉकच्या कामावर काय परिणाम झाला हे आपण पाहावे व पुढील निर्णय घ्यावा.

आपला विश्वासू,
(नाव, टोकन क्रमांक, विभाग)

एका पानात संपलेल्या या अर्जात आजाराला तीनच वाक्यं आली आहेत, बाकी सगळं डॉकबद्दल आहे. 112 आणि 6.1 हे आकडे त्यात नाहीत आणि ते नसावेत असं माझं ठाम मत आहे. हा कागद साहेबांच्या टेबलावरून मनुष्यबळ विभागात जातो, तिथून फाइलमध्ये लागतो आणि पुढे कोण कोण वाचतं ते आपल्याला कळत नाही. निर्णय घ्यायला साहेबांना आकड्यांची गरज नसते. डॉक्टरांची चिठ्ठीही तशीच मागून घ्यावी. ‘यांना दुपारचे जेवण ठरावीक वेळी व त्यानंतर 10 ते 15 मिनिटे चालणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे’, एवढं डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी असलं की पुरे. रिपोर्टची झेरॉक्स जोडू नये. कंपनीच्या डॉक्टरांनी मागितला तर त्यांना तो थेट दाखवावा.

सहकाऱ्याशी आधी बोलून ठेवणं ही या अर्जातली खरी मेहनत होती. डॉकवर कुणी तरी उभं असलंच पाहिजे, ही साहेबांची अडचण खरी आहे. ती त्यांच्यावर सोपवली की उत्तर ‘बघू’ असं येतं. स्नेह्यांनी बारा वाजता जेवणाऱ्या सहकाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, “दादा, मी थांबतो, पण कागद हातात द्या. ड्रायव्हर माझ्या डोक्यावर बसतात.” म्हणून साडेबारापर्यंत कागदपत्रं तयार ठेवण्याचं कलम अर्जात आलं.

चालण्याच्या जागेचाही विचार झाला. शॉपफ्लोअरवरून फेऱ्या मारायला परवानगी मिळत नाही आणि ती मागूही नये. गेटबाहेर जायचं तर रोज गेटपास. कँटीनपासून मागच्या गेटपर्यंत पिवळ्या पट्ट्यांमधला पादचारी मार्ग होता, तोच धरला. बारा मिनिटांत मध्यम चालीने साधारण 1,200 पावलं होतात. सेफ्टी शूज जड असतात, पण रमतगमत नाही आणि धापाही लागत नाही, अशी चाल त्यांत जमते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती चाल बरोबर. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात हा मार्ग उपयोगाचा नाही, म्हणून त्या दिवसांसाठी गोडाऊनच्या शेडखालची लांबी साहेबांना तोंडी विचारून ठेवली.

कायद्याचं काय, असा प्रश्न येतोच. 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम घालून दिला. आता कामगार संहिता आल्या आहेत आणि राज्यांनीही वेळोवेळी फेरबदल केले आहेत, तेव्हा आपल्या आस्थापनेला आज कोणती मर्यादा लागू आहे हे मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावं. साडेआठला काम सुरू करून तीनला जेवणारा माणूस साडेसहा तास सलग काम करत असतो, हे मात्र कुठल्याही घड्याळावर दिसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा, म्हणजे 2016 च्या कायद्याचा आधार इथे मिळत नाही. त्याच्या यादीत प्रीडायबेटिस नाही. चालण्याची बारा मिनिटं हा हक्क म्हणून मागता येत नाही, ती विनंतीच आहे. अर्जाचा सूर त्याप्रमाणे ठेवला.

साहेबांनी अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील, त्यांना काय सांगू?” या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात 13.6 कोटी प्रौढ प्रीडायबेटिसच्या अवस्थेत असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे साधारण साडेसहा प्रौढांमागे एक. तीनशे माणसांच्या कारखान्यात चाळीस-पंचेचाळीस जण असे निघू शकतात. स्नेह्यांनी उत्तर दिलं, “साहेब, ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ज्याने आपल्या जागी माणूस उभा केलाय, त्याचा अर्ज बघा. बाकीच्यांना ‘नाही’ म्हणायला तुम्हाला कारण आहेच.” तीन महिन्यांची मुदत इथे कामी आली. कायमची सवलत द्यायला साहेब बिचकतात, पण पुन्हा पाहण्याची तारीख असली की परवानगी देणं सोपं जातं.

तीन महिने हा आकडा उगाच घेतलेला नाही. एचबीएवनसी ही चाचणी मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते. महिन्याभरात ती पुन्हा केली तर बऱ्याच अंशी जुनीच साखर मोजली जाते. मध्ये काही कळावं म्हणून स्नेह्यांनी घरचं ग्लुकोमीटर डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि जेवायला बसल्यापासून तासाभराने बोट टोचून पाहिलं. तीनला जेवले तेव्हा 186. पाऊणला जेवून चालले तेव्हा 158. ते खूश झाले. पण अशा यंत्रांना साधारण 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे खरी साखर 170 असली तर यंत्र 150 दाखवेल किंवा 190 दाखवेल, आणि दोन्ही वेळा यंत्र नियमात बसेल. शिवाय एका दिवशी ताटात भात होता, दुसऱ्या दिवशी भाकरी. एका जोडीवरून काही सांगता येत नाही. म्हणून त्यांनी आठवड्यातून एकच दिवस ठरवला, बुधवार. कँटीनचा मेनू त्या दिवशी ठरलेला असे. ताटात त्याच तीन चपात्या आणि तेवढीच उसळ. बुधवारमागून बुधवार आकडे खाली राहिले, तेव्हाच त्यांना अर्थ आला.

एचबीएवनसीचीही एक खोड डॉक्टरांनी सांगितली. लोहाची कमतरता असली तर ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते आणि नुकताच मोठा रक्तस्राव झाला असला तर कमी. त्यामुळे आकडा अचानक उडाला तर हिमोग्लोबिन आधी पाहावं.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये चाचणी केली, 5.9 आली. 6.1 वरून 5.9 हा फरक इतका लहान आहे की तो लॅबच्या मोजमापातलाही असू शकतो, आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. त्या काळात वजनही अडीच किलो उतरलं होतं, तेव्हा सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. चेन्नईत झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासाकडे पाहिलं तर अपेक्षा नीट राहतात. तिथे जेवणानंतरच्या साखरेची प्रक्रिया बिघडलेले 531 जण तीन वर्षं पाहिले गेले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के जण तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि रोजचं चालणं काटेकोरपणे पाळायला लावलेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. फरक मोठा आहे, पण चालणाऱ्यांपैकीही दहातल्या चौघांना मधुमेह झालाच. शिवाय त्यांचं चालणं दुपारच्या बारा मिनिटांहून बरंच जास्त होतं. म्हणून स्नेह्यांनी संध्याकाळचं चालणंही सोडलेलं नाही.

साहेबांनी मुदतवाढ देताना 5.9 विचारलंही नाही. त्यांनी डॉकचं रजिस्टर काढलं. या तीन महिन्यांत पाऊण ते दीड या वेळेत गाडी अडकल्याची तक्रार नव्हती. उलट कागदपत्रं साडेबारालाच तयार होत असल्याने पहिली गाडी आधीपेक्षा लवकर सुटत होती. त्यांनी अर्जाखाली शेरा मारला: ‘चालू ठेवावे. मार्चअखेर वगळून.’ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मग स्नेही दोनला जेवले आणि जेवल्यावर गोडाऊनच्या शेडखाली सहा मिनिटं चालले, तेवढीच मिळाली.

प्रीडायबेटिसमध्ये वर्षातून एकदा तरी चाचणी करायची असते. त्यांची पुढची एचबीएवनसी आता कंपनीच्या वार्षिक तपासणीबरोबर होईल.